उणे एकच्या लॉगचा वाद

१७१२ साली हानोफरचा गॉटफ्रीड लायब्निझ आणि बाझलचा योहान बर्नुली यांच्यात पत्रांतून एक वाद जुंपला. दोघेही युरोपातले पहिल्या फळीचे गणिती, आणि त्यांचा पत्रव्यवहारही जुना. वादाचा विषय मात्र शाळकरी पोरानेही विचारावा असा होता: उणे एकचा लॉग किती? लायब्निझ म्हणे, असा लॉग नाहीच. असलाच तर तो कल्पित. बर्नुली म्हणे, आहे की, आणि तो शून्य आहे. पुढच्या वर्षापर्यंत पत्रे चालली, पण दोघांपैकी कोणीही तसूभर हलले नाही. १७१६ साली लायब्निझ वारला आणि प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यालाही पडतो, पण तो सहसा विचारत नाही. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. गुणाकाराच्या जागी बेरीज आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी करून आकडेमोड सोपी करायची, एवढेच त्या टेबलाचे काम. त्यात ऋण संख्या नसतात. उत्तर ऋण येणार असेल तर विद्यार्थी उण्याची खूण बाजूला ठेवतो, उरलेल्या आकड्यांचे लॉग घेतो आणि शेवटी खूण परत चिकटवतो. इथे एक घोटाळा टाळायला हवा. ०.५ चा लॉग ऋण येतो आणि तो डोक्यावर ‘बार’ देऊन लिहितात, पण तो धन संख्येचा ऋण लॉग झाला. लायब्निझ आणि बर्नुली भांडत होते ते ऋण संख्येच्या लॉगवरून.

अडचण लगेच दिसते. लॉग म्हणजे घातांक: अमुक संख्या मिळवण्यासाठी पायाला कितवा घात द्यायचा, याचे उत्तर. पाया १० घेतला तर १०० चा लॉग २, १० चा १, १ चा शून्य, आणि एक दशांशचा उणे एक. घातांक कितीही वाढवला किंवा कितीही खाली नेला तरी १० चा घात धनच राहतो. तो शून्याच्या हवा तेवढा जवळ जातो, पण शून्य ओलांडून पलीकडे कधीच जात नाही. मग उणे एक येणार कुठून?

लायब्निझचा मुख्य आधार हाच होता. त्याच्या जोडीला त्याने आणखी एक मुद्दा मांडला. वर्गमूळ घेतले की लॉग निम्मा होतो. तेव्हा उणे एकला लॉग असेल, तर त्याचा निम्मा हा उणे एकच्या वर्गमुळाचा लॉग झाला. आणि ते वर्गमूळ तर कल्पित. कल्पित संख्येला साधासुधा लॉग असावा, हे त्याला पटण्यासारखे नव्हते.

बर्नुलीचा युक्तिवादही कच्चा नव्हता. उणे एकचा वर्ग एक. म्हणून उणे एकच्या लॉगची दुप्पट म्हणजे एकचा लॉग, म्हणजे शून्य. ज्याची दुप्पट शून्य तो स्वतः शून्यच. दुसरा पुरावा त्याने कलनशास्त्रातून दिला. `x` च्या लॉगचे विकलन `dx/x` येते. `x` च्या जागी `−x` घातला तर वर आणि खाली दोन्हीकडे उणे येऊन ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि पुन्हा `dx/x` च उरते. दोन्ही लॉग सारख्याच गतीने बदलतात, तेव्हा ते एकच आहेत, असे त्याचे म्हणणे.

दोन्ही बाजूंच्या पायऱ्या तपासल्या तर ढोबळ चूक पटकन सापडत नाही. तरी निष्कर्ष परस्परविरोधी. असे होते तेव्हा दोन्ही पक्षांनी न बोलता मान्य केलेली एखादी गोष्ट चुकलेली असते. इथे ती कोणती, हे कळण्यासाठी लॉग टेबले मुळात कशी तयार झाली ते पाहणे उपयोगी ठरते.

लॉगची कल्पना स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली प्रसिद्ध केली. तिला १० चा पाया देऊन मोठी टेबले तयार करण्याचे कष्ट हेन्री ब्रिग्ज या इंग्रज प्राध्यापकाने उपसले. १६२४ साली त्याने छापलेल्या टेबलांच्या मुळाशी एक साधी युक्ती होती: वर्गमूळ घेत राहायचे. प्रत्येक वर्गमुळाला लॉग निम्मा होतो आणि संख्या एकच्या आणखी जवळ सरकते. ती एकच्या अगदी लगत आली की तिचा लॉग ओळखणे सोपे असते, कारण तिथे लॉग हा संख्या एकपेक्षा जेवढी जास्त आहे त्याच्याच प्रमाणात असतो. मग जेवढ्या वेळा निम्मे केले तेवढ्या वेळा दुप्पट करायचे, की मूळ लॉग हाती येतो. ब्रिग्जने १० चे वर्गमूळ, त्याचे वर्गमूळ, पुन्हा त्याचे वर्गमूळ असे ओळीने ५४ वेळा काढले, तेही हाताने, तीसहून अधिक अंकांपर्यंत.

ही युक्ती साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येते. २ टाइप करून वर्गमुळाचे बटण दहा वेळा दाबावे. पडद्यावर १.०००६७७१३ च्या आसपास संख्या येते. त्यातून १ वजा करून १०२४ ने गुणले की ०.६९३३८ मिळतात. १०२४ अशासाठी की दहा वेळा दुप्पट केले की तेवढे होतात. २ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे पाया `e` घेऊन येणारा लॉग, ०.६९३१५ आहे. आणखी दहा वर्गमुळे घेतली तर हा फरकही जवळजवळ पुसला जातो. (या लेखात पुढे लॉग म्हणजे हाच नैसर्गिक लॉग.)

या रीतीत एक गोष्ट ब्रिग्जच्या मनातही आली नसेल. वर्गमूळ एक नसते, दोन असतात. ४ चे वर्गमूळ २, तसेच उणे २. ब्रिग्जने ५४ वेळा वर्गमूळ काढले आणि ५४ वेळा उणे चिन्हाचे उत्तर बाजूला टाकले. व्यापाऱ्याला आणि खलाशाला टेबल हवे होते, त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण उणे एकच्या लॉगचे उत्तर त्या टाकून दिलेल्या वर्गमुळांत दडलेले आहे.

तीच रीत आता उणे एकवर चालवून पाहू. उणे एकचे वर्गमूळ `i`, म्हणजे जिचा वर्ग उणे एक होतो ती कल्पित संख्या. `i` चे वर्गमूळ `0.7071 + 0.7071i`. हिचा वर्ग करून पाहिला तर पहिला भाग शून्य होतो आणि `i` उरतो. वास्तव आणि कल्पित असे दोन भाग असलेल्या अशा संख्येला संमिश्र संख्या म्हणतात. पुढचे वर्गमूळ `0.9239 + 0.3827i`, त्याच्या पुढचे `0.9808 + 0.1951i`. वास्तव भाग एककडे चालला आहे आणि कल्पित भाग दर वेळी जवळपास निम्मा होतो आहे. दहाव्या वर्गमुळाला `0.9999953 + 0.0030680i` हाती येते. ब्रिग्जच्या रीतीने १ वजा करून १०२४ ने गुणले की उत्तर `−0.0048 + 3.1416i`. वीस वर्गमुळांनंतर वास्तव भाग उणे ०.०००००४७ एवढा किरकोळ उरतो आणि कल्पित भाग ३.१४१५९ वर स्थिरावतो. तो आकडा ओळखीचा आहे. उणे एकचा लॉग `πi` आहे.

कुठेही वर्तुळ काढले नव्हते, तरी पाय अवतरला. आणि शून्य हे बर्नुलीचे उत्तर कुठेच आले नाही.

पण आपणही ब्रिग्जसारखेच वागलो आहोत. उणे एकचे वर्गमूळ `i` घेतले, `−i` टाकून दिले. आता सुरुवात `−i` पासून करू. त्याची वर्गमुळेही दोन आहेत. `0.7071 − 0.7071i` घेतले आणि पुढे दर वेळी एकच्या जवळचे वर्गमूळ निवडत गेले, तर लॉग येतो `−πi`. दुसरे, `−0.7071 + 0.7071i` हे घेतले आणि तिथून तसेच पुढे गेले तर लॉग येतो `3πi`. सुरुवातीला `i` घेऊन दुसऱ्या पायरीला उणे चिन्हाचे वर्गमूळ उचलले, तर `−3πi`. पहिल्या काही पायऱ्यांवर कोणते चिन्ह घ्यायचे ते आपल्या मर्जीवर आहे. पुढे केव्हातरी मात्र एकच्या जवळच्या वर्गमुळाकडे वळावे लागते, नाही तर संख्या एकपाशी येणारच नाही. या मर्जीतून अनंत उत्तरे निघतात: `πi`, `3πi`, `5πi`, `−πi`, `−3πi` आणि असेच पुढे. शेजारच्या दोन उत्तरांत अंतर नेहमी `2πi`.

धन संख्याही यातून सुटत नाहीत. २ चे पहिले वर्गमूळ उणे १.४१४२ घेतले आणि पुढे तसेच चालत राहिले, तर लॉग येतो `0.6931 + 2πi`. टेबलात छापलेला ०.६९३१ हा २ चा एकुलता एक लॉग नाही. अनंत लॉगांपैकी तेवढा एकच वास्तव असतो, म्हणून तो नजरेत भरतो. उणे एकच्या यादीत π ला विषम संख्येनेच गुणलेले असते, आणि शून्य विषम नाही. त्यामुळे तिथे वास्तव लॉग एकही नसतो.

लिओनार्ड ऑयलरने वाद मिटवला तो याच वाटेने. तोही बाझलचा, योहान बर्नुलीचा शिष्य. १७४५ साली लायब्निझ आणि बर्नुली यांची पत्रे ग्रंथरूपाने छापली गेली, तेव्हा ऑयलर बर्लिनच्या अकादमीत होता. बर्लिन अकादमीच्या १७४९ सालच्या आणि १७५१ साली छापून आलेल्या खंडात त्याचा या वादावरचा निबंध आहे. वर्गमुळे एकामागून एक घेण्याऐवजी त्याने थेट `n` वे मूळ घेतले आणि `n` अमर्याद वाढवला. वर्गमुळे दोन, घनमुळे तीन, चौथी मुळे चार, तर `n` वी मुळे `n`. `n` अनंताकडे गेला की मुळेही अनंत, आणि प्रत्येकातून एक लॉग. लायब्निझ आणि बर्नुली यांनी न बोलता मान्य केलेली गोष्ट त्याने अशी उघडी पाडली: एका संख्येला एकच लॉग असतो, हे दोघांचेही गृहीत चुकीचे होते.

निबंधाची मजा अशी की ऑयलर दोन्ही बाजूंचे एकेक म्हणणे घेऊन ते नेमके कुठे अडखळते ते दाखवतो. बर्नुलीचा विकलनाचा पुरावा घ्या. दोन गोष्टी सारख्या गतीने बदलतात म्हणून त्या समान ठरत नाहीत. त्यांच्यात कायमचा एक फरक असू शकतो. `−x` चा लॉग म्हणजे `x` चा लॉग अधिक उणे एकचा लॉग, आणि तो फरक विकलनात दिसतच नाही. शिवाय वर्तुळ आणि कल्पित संख्यांचे लॉग यांचा संबंध बर्नुलीने स्वतःच १७०२ साली दाखवला होता. त्यावरून `i` चा लॉग `πi/2` येतो, आणि यातला `π/2` म्हणजे एकक त्रिज्येच्या वर्तुळाच्या परिघाचा चतुर्थांश. उणे एकचा लॉग शून्य धरला तर `i` चाही शून्य धरावा लागेल, म्हणजे परिघाची लांबीच शून्य! गुरूचा शोधच गुरूच्या मताविरुद्ध साक्ष देत होता.

आणि वर्गाच्या युक्तिवादाचे काय? उणे एकच्या लॉगांची दुप्पट केली तर `2πi`, `6πi`, `−2πi`, `−6πi` अशी यादी मिळते. एकच्या लॉगांची यादी अशी: शून्य, `2πi`, `4πi`, `6πi`, आणि हेच उणे चिन्हाने. पहिल्या यादीतला प्रत्येक आकडा दुसऱ्या यादीत आहे. तेव्हा उणे एकच्या लॉगची दुप्पट हा एकचा लॉग असतो, हे बर्नुलीचे वाक्य खरेच आहे. तो एकचा कोणता लॉग, एवढ्यावरच सगळे बिघडले. बर्नुलीने शून्य धरला, आणि नेमका तोच पहिल्या यादीत नाही.

एवढे होऊनही सगळ्यांना पटले असे नाही. पॅरिसचा जाँ दालांबेर १७४६ पासून दोनेक वर्षे ऑयलरशी यावर पत्रांतून भांडला, आणि १७६१ साली छापलेल्या आपल्या लेखसंग्रहातही त्याने शून्याचीच बाजू लढवली. चित्र काढून दाखवण्याची सोय तेव्हा नव्हती. संमिश्र संख्या कागदावर बिंदू म्हणून मांडण्याची रीत नॉर्वेत जन्मलेल्या कॅस्पर वेसेलच्या १७९९ साली छापलेल्या लेखात आणि झाँ-रोबेर आर्गांच्या १८०६ सालच्या पुस्तिकेत आली. तोवर ऑयलर हयात नव्हता.

ते चित्र असे. `3 + 4i` ही संख्या म्हणजे आरंभबिंदूपासून उजवीकडे तीन आणि वर चार घरे गेल्यावर येणारा बिंदू. आरंभबिंदूपासून त्याचे अंतर पायथागोरसच्या नियमाने ५. आडव्या अक्षाशी त्याचा कोन ५३.१३ अंश, म्हणजे ०.९२७३ रेडियन. आता दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार केला की त्यांची अंतरे गुणली जातात आणि त्यांचे कोन मिळवले जातात. `3 + 4i` चा वर्ग `−7 + 24i` येतो. त्याचे अंतर २५ आणि कोन १०६.२६ अंश, म्हणजे बरोबर दुप्पट. लॉगचे काम काय, तर गुणाकाराची बेरीज करणे. अंतरांसाठी ते काम टेबलातला नेहमीचा लॉग करतो. कोन तर मुळातच मिळवले जातात, त्यांना वेगळे काही करावे लागत नाही. म्हणून संमिश्र संख्येचा लॉग दोन भागांचा बनतो: अंतराचा लॉग हा वास्तव भाग आणि रेडियनमधला कोन हा कल्पित भाग. `3 + 4i` चा लॉग `1.6094 + 0.9273i`. उणे एकचे अंतर १ आणि कोन १८० अंश. अंतराचा लॉग शून्य, कोन π. वर्गमुळे काढून काढून जे उत्तर आले तेच इथे एका ओळीत आले.

अनेक उत्तरांचे मूळही इथेच दिसते. देवळात प्रदक्षिणा घालणारा माणूस गाभाऱ्यासमोर उभा दिसला, तर तो कुठे आहे हे कळते, पण त्याची कितवी प्रदक्षिणा चालू आहे हे कळत नाही. बिंदू पाहून कोन सांगणे तसेच आहे. ५३.१३ अंश म्हणा, एक फेरी मिळवून ४१३.१३ म्हणा, किंवा उलट फिरून उणे ३०६.८७ म्हणा, बिंदू तोच. पूर्ण फेरी म्हणजे `2π` रेडियन. म्हणून `3 + 4i` चा लॉग `1.6094 + 0.9273i` आहे, तसाच `1.6094 + 7.2105i` सुद्धा आहे. लॉगला बिंदू पुरत नाही; त्याला फेऱ्यांची संख्याही लागते, आणि ती बिंदूत नोंदलेली नसते. वर्गमुळांच्या पायऱ्यांवर आपण निवडलेली चिन्हे ही त्या फेऱ्यांचीच मोजणी होती.

ही फेरी शून्याभोवतीच घालावी लागते. शून्याला बाहेर ठेवून एखादे लहान वर्तुळ चालून पुन्हा मूळ जागी आलात तर कोन थोडा वाढतो, थोडा घटतो आणि होता तेथे परततो. शून्याला वेढा पडला तरच `2π` ची भर पडते. १८५१ साली बर्नहार्ट रीमानने ग्योटिंगेनच्या प्रबंधात यावर तोड काढली. प्रत्येक फेरीला कागदाचा वेगळा थर कल्पायचा आणि एक थर संपतो तिथे पुढचा जोडायचा. शून्याभोवती वर चढत जाणारा मळसूत्री पृष्ठभाग तयार होतो. त्यावर प्रत्येक जागेला एकच लॉग असतो, कारण आपण कितव्या थरावर आहोत हे आता माहीत असते.

कॉम्प्युटरला मात्र थर ठेवायला जागा नसते; त्याला एकच उत्तर द्यावे लागते. म्हणून संकेत असा ठरला आहे की कोन उणे १८० अंशांहून जास्त आणि जास्तीत जास्त १८० अंशांपर्यंतचा घ्यायचा. यातून मिळणाऱ्या लॉगला मुख्य मूल्य म्हणतात. या सोयीची किंमत अशी की ऋण संख्यांच्या अक्षावर कात्री चालवावी लागते. त्या अक्षाच्या जरा वर, १७९.९ अंशांवर, उणे एकला जवळजवळ चिकटून असलेल्या बिंदूचा लॉग `3.1398i`. जरा खाली, उणे १७९.९ अंशांवर, तो `−3.1398i`. दोन बिंदूंमध्ये ०.००३५ एवढेही अंतर नाही आणि लॉगमध्ये सहाहून अधिकची दरी! पायथॉन या भाषेत हे थेट पाहता येते:

```
>>> import cmath
>>> cmath.log(-1)
3.141592653589793j
>>> cmath.log(complex(-1, -0.0))
-3.141592653589793j
```

इथे `j` म्हणजे `i`. विद्युत अभियंत्यांच्या पद्धतीने लिहिलेला. दोन्ही वेळा विचारलेली संख्या उणे एकच आहे. पण कॉम्प्युटर शून्यालाही चिन्ह देतो, आणि ‘उणे शून्य’ दिले की आपण कात्रीच्या खालच्या कडेवरून आलो असे तो समजतो. ही सोय अपघाताने आलेली नाही. विल्यम केहन या संगणकशास्त्रज्ञाने १९८७ साली एक सबंध लेख शून्याच्या चिन्हावर आणि अशा कात्र्यांवर लिहिला होता.

कात्री लागली की लॉगचा सर्वांत लाडका नियमही दर वेळी पाळला जात नाही. `i` चे मुख्य मूल्य `1.5708i`. `−1 + i` चे `0.3466 + 2.3562i`. बेरीज `0.3466 + 3.9270i`. पण या दोन संख्यांचा गुणाकार `−1 − i` आहे आणि त्याचे मुख्य मूल्य `0.3466 − 2.3562i`. दोन उत्तरांत बरोबर `2πi` चा फरक. कोनांची बेरीज १८० अंश ओलांडून २२५ वर गेली आणि मुख्य मूल्याच्या नियमाने ती मागे खेचून उणे १३५ केली. संमिश्र लॉग वापरणाऱ्या हिशेबात उत्तर ६.२८३२ ने किंवा त्याच्या पटीने चुकलेले दिसले, तर जाणकार आधी कुठे कात्री ओलांडली गेली ते शोधतो.

घातांकांतही हीच गंमत चालते. `i` चा `i` वा घात काढायचा तर `i` चा लॉग `i` ने गुणायचा. `πi/2` गुणिले `i` म्हणजे उणे `π/2`. त्यावरून उत्तर येते ०.२०७८८. कल्पित संख्येचा कल्पित घात, आणि उत्तर चक्क वास्तव. ऑयलरने १७४६ साली मित्र ख्रिस्टियान गोल्डबाखला पत्रातून हा आकडा बऱ्याच दशांश स्थळांपर्यंत कळवला होता. पण `i` चा लॉग एक फेरी जास्त घेऊन `5πi/2` धरला तर उत्तर ०.०००३८८, आणि एक फेरी उलट फिरून `−3πi/2` धरला तर १११.३२. सगळी वास्तव, सगळी बरोबर.

हरवलेल्या फेऱ्या शोधण्याचे काम आज उपग्रहांच्या आकडेवारीवर रोज चालते. रडार असलेला उपग्रह जमिनीकडे लहर पाठवतो आणि परत आलेल्या लहरीची नोंद प्रत्येक ठिपक्यासाठी एका संमिश्र संख्येत करतो. भूकंपाच्या आधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहिली की उरतो तो एक कोन, म्हणजे लॉगचा कल्पित भाग. त्यावरून जमीन उपग्रहाकडे किंवा त्याच्यापासून दूर किती सरकली ते निघते. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियात लँडर्सला भूकंप झाला. त्याचा असा नकाशा युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या नोंदींवरून तयार झाला आणि १९९३ साली ‘नेचर’मध्ये छापला गेला. त्या रडारची लहर सुमारे ५.६ सेंटिमीटरची होती. लहर जाऊन परत येते, त्यामुळे जमीन २.८ सेंटिमीटर सरकली की कोनाची एक फेरी पूर्ण होते. कोन पुन्हा होता तसा दिसतो. एका ठिपक्याकडे पाहून जमीन अर्धा सेंटिमीटर हलली की ३.३ की ६.१, हे सांगता येत नाही.

फेऱ्या मोजण्यासाठी शेजारच्या ठिपक्यांचा आधार घेतात. लगतच्या दोन ठिपक्यांत कोनाचा फरक अर्ध्या फेरीहून कमी आहे असे धरायचे आणि ठिपक्यामागून ठिपका पुढे जात फरक मिळवत राहायचे. हे गृहीत कुठे कोसळते हे ओळखायची परीक्षाही आहे. चार लगतच्या ठिपक्यांच्या चौकटीभोवती एक फेरी मारून फरकांची बेरीज करायची. ती शून्य आली तर ठीक. `2π` आली तर त्या चौकटीत काहीतरी बिनसले आहे आणि तिथून मोजणीची वाट नेता कामा नये. ही परीक्षा वापरणारी रीत गोल्डस्टीन, झेबकर आणि वर्नर यांनी १९८८ साली मांडली. दाट झाडी असते, उतार तीव्र असतो किंवा जमीन फाटून दोन्ही बाजू मीटर-मीटरने सरकलेल्या असतात, तिथे अशा बिघडलेल्या चौकटी गर्दीने सापडतात.

लहर लांब असेल तर तेवढ्याच हालचालीत फेऱ्या कमी होतात आणि मोजणी चुकण्याचा धोका घटतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या ‘निसार’ या इस्रो आणि नासाच्या उपग्रहावर दोन रडार आहेत. त्यांतल्या एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. लँडर्सच्या नकाशात २.८ सेंटिमीटरला एक फेरी पुरी होत होती. या रडारला तेवढ्यासाठी जमीन १२ सेंटिमीटर सरकावी लागते.